आधी पार्ट, मग मशीन : एका प्रतिक्रियेला उत्तर

भागीदारी फर्म मोडताना मशीन आणि ग्राहक कसे वाटायचे, यावरच्या माझ्या लेखाला आलेली वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. दोन मशीन आणि दोन गिऱ्हाइकांसाठी व्हॅल्युअर, करारपत्र, नोटीस एवढा खटाटोप कशाला? ताळेबंदात मशीनची किंमत लिहिलेली असते, त्या भावानं एकेक उचलायचं, फरक चेकनं द्यायचा. आणि ग्राहक म्हणजे काही बांध घालून वाटायचं रान नव्हे. ज्याचा माल चांगला, भाव बरा, त्याच्याकडे तो आपोआप जाईल. तुम्ही लोक साधी गोष्ट उगाच वकिलाच्या दारात नेता."

नमस्कार. वकिलाचं शेवटी बघू. आधी ताळेबंदाच्या भावाचं बोलतो, कारण बहुतेक भांडणं तिथूनच उठतात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं उदाहरण धरा. एक फाउंड्रीवाला आणि एक मशीन शॉपवाला. दोघांचे आपापले धंदे आहेत, आणि मशिनिंगसाठी दोघांनी मिळून तिसरी भागीदारी फर्म काढली, वाटा निम्मानिम्मा. फर्मकडे सात वर्षांपूर्वी 28 लाखांना घेतलेलं व्हीएमसी, म्हणजे मिलिंग-ड्रिलिंगचं संगणकी मशीन, आणि तीन वर्षांपूर्वी 20 लाखांना घेतलेलं सीएनसी लेथ. घटत्या शिल्लकीवर दरवर्षी 15 टक्के घसारा काढला की आज पुस्तकात व्हीएमसी साधारण 9 लाखांचं आणि लेथ 12 लाख 30 हजारांचं दिसतं. जुनी मशीन घेणाऱ्या डीलरनं मात्र व्हीएमसीला 14 लाख आणि लेथला 11 लाख सांगितले, असं समजा.

आता दोघं वेगळे होतायत. तुमच्या पद्धतीनं वाटू. लेथ ज्याच्याकडे जाईल तो व्हीएमसीवाल्याला 1 लाख 65 हजार देणार. बाजारभावानं वाटलं तर नेमकं उलटं, व्हीएमसीवाल्यानंच दीड लाख द्यायचे. म्हणजे 3 लाख 15 हजारांचा फरक पडला. घसारा हा कर मोजण्यासाठी असतो. स्पिंडल किती घासला, बॉलस्क्रूत बॅकलॅश किती आला, हे त्याला कुठं कळतं?

आणि पुस्तकी भाव प्राप्तिकर खात्याला तरी कुठे चालतो? 2021 साली आलेल्या तरतुदीनुसार फर्म मोडताना भागीदाराला मशीन दिलं, की फर्मनं ते बाजारभावानं विकलं असंच धरतात. वरच्या उदाहरणात घसाऱ्यासाठी एकत्र धरलेल्या ब्लॉकमध्ये हीच दोन मशीन असतील तर 25 लाखांतून 21 लाख 30 हजार वजा जाऊन 3 लाख 70 हजारांचा अल्पकालीन भांडवली नफा फर्मच्या नावावर लागतो. त्यावर 30 टक्के आणि सेस धरून सव्वा लाखाच्या आत कर येतो. तो बाजूला काढून ठेवल्याशिवाय वाटणीची रक्कम ठरवू नका. मागाहून हा कर कुणी भरायचा यावरून बोलणं बंद झालेले भागीदार मी पाहिलेत.

जीएसटीचंही तसंच. लेथ पाच वर्षांच्या आतलं आहे. खरेदीच्या वेळी त्यावर घेतलेल्या 3 लाख 60 हजारांच्या क्रेडिटमधून दर तिमाहीला 5 टक्के कमी करत गेलं तर उरतात 1 लाख 44 हजार. 11 लाखांवर 18 टक्क्यांनी होतात 1 लाख 98 हजार. यातली मोठी रक्कम भरायची असते. फर्मनं रीतसर टॅक्स इन्व्हॉइस काढलं आणि घेणाऱ्याची स्वतःची जीएसटी नोंदणी असली तर त्याला ते क्रेडिट मिळतं. पण पैसा आधी बाहेर जातो, हे दोघांनाही माहीत हवं.

ग्राहकांच्या बाबतीत तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. माल घेणारी कंपनी आपल्या मालकीची नसते, तिला वाटून घेता येत नाही. पण "आपोआप जाईल" हे मशीन शॉपमध्ये घडत नाही. व्हेंडर कोड जुन्या फर्मच्या नावावर असतो. वाहनउद्योगातल्या बहुतेक कंपन्यांत उत्पादनाची जागा बदलली की नमुने, मापांचा अहवाल, पार्टच्या मंजुरीचे म्हणजे पीपीएपीचे कागद नव्यानं द्यावे लागतात. मंजुरी येईपर्यंत ऑर्डर थांबते, आणि कंपनीची लाइन तर थांबू शकत नाही. मग ती ऑर्डर तुम्हा दोघांना सोडून तिसऱ्याकडे जाते.

म्हणून मी वाटणी पार्टनंबरनं करायला सांगतो, आणि तीही मशीनच्या आधी. कागदावर प्रत्येक पार्टपुढे लिहा: कोणत्या मशीनवर होतो, तो पकडून ठेवणारं फिक्श्चर कुणाचं, मापं तपासायचे गेज कुणाचे. फिक्श्चरवर कंपनीचा अॅसेट नंबर पंच केलेला असेल तर ते फर्मचं नव्हेच. कंपनीचं लेखी पत्र आल्याशिवाय ते हलवायचं नाही. असा तक्ता केला की मशीन कुणाकडे जावं हे निम्मं तिथंच ठरतं. पंपाच्या बॉडीचे तिन्ही पार्ट व्हीएमसीवर होत असतील आणि ते फाउंड्रीवाल्याच्या कास्टिंगचे असतील, तर व्हीएमसी त्याच्याकडे जाणं शहाणपणाचं. ते मशीन शॉपवाल्यानं घेतलं आणि पार्ट तिकडे राहिले, तर त्याच्याकडे 14 लाखांचं लोखंड पडून राहील.

अडचण येते ती दोन्ही मशीनवर होणाऱ्या पार्टची. आधी लेथवर टर्निंग, मग व्हीएमसीवर ड्रिलिंग-टॅपिंग. असा पार्ट एकाच्या नावावर करायचा आणि टर्निंग सहा महिने दुसऱ्याकडे जॉबवर्कला द्यायचं, दर आणि रिजेक्शनची जबाबदारी करारातच लिहायची. तेवढ्या वेळात पहिला स्वतःची सोय करतो.

मशीन हलवण्याआधी तीन-चार आठवड्यांचा तयार माल करून ठेवा. कंट्रोलरचे पॅरामीटर आणि प्रोग्रॅम यांचा बॅकअप घ्या. मशीन महिनाभर बंद राहिलं आणि मेमरीची बॅटरी उतरली तर पॅरामीटर उडतात, आणि मग सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघत बसावं लागतं. काही मशीनना जागेवरून हललं की लॉक पडतं, मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून कोड घेतल्याशिवाय ती चालूच होत नाहीत. ऑपरेटरची ऑफसेटची वही पार्टबरोबर जाऊ द्या, मशीनबरोबर नव्हे. बँकेचं तारण असेल तर ना-हरकत पत्राआधी क्रेन बोलावू नका.

"भाव बरा त्याच्याकडे" हेही सुरुवातीला धोक्याचंच. दोघांकडे एकच कॉस्टिंग शीट आहे. एकानं दोन रुपये उतरवले की दुसरा तीन उतरवतो, आणि खरेदीवाला साहेब दोघांना समोरासमोर बसवून मजा बघतो. 1932 च्या भागीदारी कायद्यात यासाठीच सोय आहे. कलम 54 प्रमाणे फर्म मोडताना ठरावीक मुदतीपुरतं किंवा ठरावीक भागापुरतं स्पर्धा न करण्याचं बंधन भागीदार एकमेकांवर घालून घेऊ शकतात, फक्त ते वाजवी हवं. वाटून दिलेल्या पार्टसाठी वर्षभर कोट करायचा नाही, एवढं पुरे. मात्र "अमुक दराखाली दोघांनीही जायचं नाही" असलं काही लिहू नका आणि तोंडीही ठरवू नका. ते 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येतं.

राहिली नोटीस. तिचा खर्च तुम्हाला फुकटचा वाटतो. पण कलम 45 नुसार सार्वजनिक नोटीस निघेपर्यंत फर्मच्या नावानं एकानं केलेल्या व्यवहाराला दुसराही बांधलेला राहतो. उद्या जुन्या लेटरहेडवर त्यानं दहा लाखांचे स्टीलचे बार उधारीवर उचलले, तर पुरवठादार तुमच्या दारात येईल आणि कायदा त्याच्या बाजूनं असेल. नोंदणीकृत फर्मसाठी निबंधकांना कळवणं, राजपत्र आणि जिल्ह्यात खपणारं एखादं मराठी वर्तमानपत्र, एवढ्यात ते निभतं. त्यासाठी वकील लागतोच असं नाही.

एक गोष्ट मूळ लेखात थोडक्यात आटोपली होती. फर्मचं खातं लगेच बंद करू नका. जुन्या मालाच्या रिजेक्शनच्या डेबिट नोट पाच-सहा महिन्यांनीही येतात. येणं वसूल झालं की आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी उसने दिलेले पैसे, मग भांडवल, हा क्रम कलम 48 मध्येच दिलाय. त्यातली शेवटची काही रक्कम दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही अशी ठेवून द्या, आणि डेबिट नोट कोणत्या पार्टची आहे हे न बघता ती निम्मी-निम्मी सोसायची असं करारात घाला. माल गेला तेव्हा फर्म दोघांची होती.