‘गेज तर अडीचच दाखवतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “लेख वाचला. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या खान्देशात जास्त प्रेशरची भीती दाखवणं हास्यास्पद आहे. प्रेशर किलोत मोजतात हे कुठे शिकलात? माझ्या फ्लॅटमध्ये दाब कमी करणारा पीआरव्ही बसवलेला आहे, गेज अडीचच दाखवतो, तरी सांधे गळतातच. गळतं ते प्लंबरच्या हलगर्जीपणामुळे. कुठून तरी उचलून लिहिण्याआधी एकदा हातात पाना धरून पाहा.”

नमस्कार. घरातल्या लायनीत दाब जास्त झाला की सांधे आणि वायसर गळायला लागतात, असं मी लेखात म्हटलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया.

आधी पान्याचं बोलू. एका कारखान्याच्या देखभाल विभागात माझी २२ वर्षं गेली. वाफेच्या लायनीपासून कॅन्टीनच्या बेसिनपर्यंत सगळं आमच्याच गळ्यात असायचं. उजव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे, ते पाईप जोडायच्या एका युनियनने वाकवलंय. तेव्हा मतभेद खुशाल मांडा, पण ‘उचललेलं’ म्हणताना कुठून उचललं तेही सांगत जा. न पटणं वेगळं आणि चोर ठरवणं वेगळं.

किलोबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. दर चौरस सेंटीमीटरला इतके किलो, असं पूर्ण लिहायला हवं होतं. आमच्या तोंडी नुसता ‘किलो’ बसलाय, दुकानदारही तसंच म्हणतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

नळाला किती दिवसांनी पाणी येतं याचा इथे काही संबंध नाही. ते पाणी तळटाकीत पडतं. तुमच्या नळात येतं ते गच्चीवरच्या टाकीतून, आणि हल्ली गच्चीवर बसवलेल्या पंपातून. पुढे जाऊ.

तुमच्या प्रतिक्रियेत कामाचं वाक्य एकच आहे, ते म्हणजे गेज अडीच दाखवतो हे. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो केव्हा पाहिलात ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

माझ्या चुलतभावाचा जळगावातला फ्लॅट घ्या. खाली पार्किंग, वर सात मजले, भाऊ पहिल्या मजल्यावर. मजला तीन मीटरचा धरला तर त्याच्या फरशीपासून गच्ची २१ मीटर. टाकीचा ओटा दोन मीटर मिळवा, नळाची एक मीटर उंची वजा करा, राहिले २२ मीटर. दहा मीटरला साधारण एक किलो, म्हणजे नुसत्या उंचीचा दाब २.२ किलो. एवढ्याने काही बिघडत नाही. पण सातव्या मजल्यावर शॉवर नीट येत नाही म्हणून सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवला आणि तो जोडला सगळ्यांच्या सामाईक लायनीला. तो तीन किलोला बंद होतो. वरच्याला तीनच्या थोडे वर मिळाले, भावाला मिळाले पाचच्या आसपास. म्हणून त्याने घराच्या मुख्य लायनीवर पीआरव्ही बसवला आणि अडीचला लावून घेतला. तरीही चार महिन्यांत बेसिनखालच्या कनेक्शन पाईपचा वायसर दोनदा गेला, किचनचा अँगल कॉक आट्यातून पाझरायला लागला आणि फ्लश टँकचा व्हॉल्व्ह रात्रभर सूं-सूं करायला लागला. प्लंबर तीनदा बदलला. शेवटी मला म्हणाला, “भाऊ, आते तूच देख.”

मी गेलो रात्री. वॉशिंग मशीनच्या नळाला टी लावून गेज जोडला आणि सिंकचा नळ थोडा चालू ठेवला. काटा २.५ वर, अगदी तुमच्यासारखा. मग घरातला प्रत्येक नळ बंद केला. फ्लश टँकचा कॉकसुद्धा, कारण तिथून थेंब गेला तरी काटा फसवतो. लगेच २.६ झाले. हे चालतं, व्हॉल्व्ह मिटताना दाब एवढा चढतोच. दहा मिनिटांनी ३.१, अर्ध्या तासाने ४ च्या वर. मी तिथेच झोपलो. सकाळी सहाला काटा ५.१ वर होता. सिंकचा नळ उघडला आणि काटा धपकन अडीचवर आला.

म्हणजे दिवसभर कुठला ना कुठला नळ चालू असताना व्हॉल्व्ह शहाणा, आणि घर झोपलं की गच्चीचा सगळा दाब आत सोडणारा.

याचं कारण व्हॉल्व्हच्या पोटात आहे. वर स्प्रिंग, खाली रबरी पडदा. घरातला दाब पडद्याला वर रेटतो, स्प्रिंग खाली दाबते. घरातला दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की तळातली रबरी चकती पितळी सीटवर बसून वाट बंद करते. पाणी चालू असताना चकती उघडीच असते, त्यामुळे सीट खराब असली तरी काही कळत नाही. नळ बंद झाल्यावर तिला पूर्ण मिटावं लागतं. भावाच्या चकतीत पाईप कापतानाचा सीपीव्हीसीचा भुसा आणि वाळूचा एक कण रुतला होता. त्याने रबरात खाच पाडली होती. त्या खाचेतून केसाएवढी धार रात्रभर आत येत होती, आणि बंद लायनीला दाब चढायला तेवढी पुरते. अशा वेळी वरचा स्क्रू सैल करून काहीही होत नाही. माझ्या आधीच्या प्लंबरने तेच दोनदा केलं होतं.

एक शंका तुम्ही काढायच्या आत मीच काढतो. आपल्याकडच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवरचा पाईप तापला किंवा गिझर चालू असला, तरी बंद लायनीतलं पाणी फुगून काटा चढतो, आणि त्यात व्हॉल्व्हचा दोष नसतो. ओळखायचं असं : गिझर बंद ठेवा, तपासणी रात्री करा, काटा चढला की नळ क्षणभर उघडून परत बंद करा. फुगलेल्या पाण्याचा दाब असेल तर तो पुन्हा चढत नाही. सीट गळत असेल तर चढतच राहतो. आणि स्प्रिंगच्या टोपणातून पाणी टपकत असेल तर पडदा फाटलाय, मग गेजही नको.

भावाने आतला कार्ट्रिज बदलला, व्हॉल्व्हच्या आधी जाळीचा फिल्टर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा २.७ वर होता. दबलेले वायसर मात्र बदलावेच लागले, दाब उतरल्याने कापलेलं रबर भरून येत नाही.

आता तुमच्या प्लंबरकडे येतो, नाहीतर म्हणाल टाळलं. नीट चिकटवलेला सीपीव्हीसीचा सांधा पाच किलोने सुटत नाही. त्या पाईपची ताकद थंड पाण्याला २८ किलोच्या आसपास असते. तेव्हा सोल्यूशनचा सांधा गळत असेल तर प्लंबरला जरूर धरा, मी मध्ये येणार नाही. पण आटे, वायसर, फ्लशचा व्हॉल्व्ह हे एकामागून एक आणि रात्रीच जात असतील, तर बिचाऱ्याने टेफ्लॉनचे किती वेढे दिले यावर भांडून काय मिळणार? तुमचं नेमकं काय गळतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. ‘हास्यास्पद’ लिहायला जागा होती, तेवढ्याला नव्हती.

पंप चालू ठेवून आज रात्री साडेदहाला गेज लावा, सगळे कॉक मिटवा आणि सकाळी सहाचा आकडा इथेच खाली लिहा. २.८ च्या आत असला तर तुमच्या प्लंबरची बाजू घेतल्याबद्दल मी जाहीर माफी मागेन. पाचच्या घरात असला तर पाना कुणाकडे आहे ते तुम्हाला माहीत आहेच.