फोनात म्हैस, वर मोल

सोयाबीनचे पैसे आले आहेत आणि दावणीला एखादी चांगली म्हैस बांधायचं मनात आहे, तर एक पथ्य कडक पाळा: म्हशीजवळ जायचं नाही. हाळी हंडरगुळीच्या बाजारात तर मुळीच नाही. तिथं धूळ असते, हेडी असतात, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि शेजारचा कुणीतरी आगाऊ म्हातारा न विचारता सांगतो, "दात बघ अगोदर." मग जबडा उघडून वय पाहा, कासेला हात लावा, चारही सडांतून धार येते का बघा. त्यातही खोचक गिऱ्हाईक संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा, असं दोन वेळचं दूध समोर काढायला लावतं. एवढा संशय बरा नव्हे.

त्यापेक्षा खाटेवर पडून फेसबुक उघडा. तिथं मुऱ्हा म्हैस आहे. काळी कुळकुळीत, शिंगं जिलबीसारखी वळलेली, दुसऱ्या वेताची, खाली पारडी, दूध अठरा लिटर, किंमत पंचेचाळीस हजार. एवढं दूध देणारी मुऱ्हा लाखाच्या आत मागितली तर बाजारातला हेडी तुमच्याकडे तोंडसुद्धा वळवत नाही. पण हरियाणातला हा गृहस्थ वेगळा, त्याला पैशाचा लोभ नाही. व्हिडिओत म्हशीच्या कानातला बिल्ला नेमका धूसर दिसतो, तिकडं लक्ष देऊ नका. त्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची नोंद तपासता येते. तो नंबर मागाल तर म्हैस तेवढ्यात विकली जाईल. "आजची तारीख आणि माझं नाव कागदावर लिहून म्हशीच्या तोंडाशी धरा अन् व्हिडिओ पाठवा" असं तर चुकूनही म्हणू नका. समोरचा माणूस दुखावतो.

फोन लावला की तो आधी "राम राम जी" म्हणतो, मग तुमची, पोराबाळांची आणि पावसाची चौकशी करतो. तुमच्या मेहुण्याने इतक्या वर्षांत पावसाचं विचारलं नसेल. विश्वास बसावा म्हणून तो आधार कार्ड पाठवतो, डेअरी फार्मचं प्रमाणपत्र पाठवतो, कधी फौजेतलं ओळखपत्रही. वर सांगतो, "पैसा म्हैस घर पहुँचने के बाद." आता फक्त इसार, एकवीसशे रुपये. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर आधार कार्डावरचं नाव न येता भलत्याच बाईचं नाव येईल. ती त्याची वहिनी असते. पाठवा.

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये चढवलेल्या म्हशीचा फोटो येतो आणि वाहतुकीचे साडेपाच हजार मागितले जातात. इथं गणित करू नका, नाहीतर झोप उडेल. रोहतकहून लातूर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. पिकअपने लिटरला दहा किलोमीटर दिले तरी एका बाजूचंच डिझेल बारा-तेरा हजारांचं होतं; टोल, ड्रायव्हरचं जेवण आणि रिकामी गाडी परत नेणं वेगळंच. म्हणजे हा माणूस पंचेचाळीस हजारांची म्हैस विकतोय आणि वाहतुकीतही पदरचे घालतोय. असा दाता शोधून सापडत नाही. गाडीत चढवण्याआधी जनावर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, तोही मागू नका. मागितलाच तर सही-शिक्क्याचा एक कागद येईल, त्यावर म्हशीच्या जागी बैल लिहिलेला असू शकतो. घाईगडबडीत होतं असं.

आता विमा. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. गाडी मध्य प्रदेशात शिरली की ड्रायव्हरचा फोन येतो: वाटेत जनावर मेलं तर जबाबदार कोण? ब्याण्णवशे नाही, मोठ्या मनानं ब्याऐंशीशे भरा, जीएसटीसकट, म्हैस उतरली की पूर्ण परत. जिवंत म्हशीवर जीएसटी लागत नाही आणि जनावर सुखरूप पोचलं म्हणून विम्याचा हप्ता कुठलीच कंपनी परत करत नाही, पण नियम सामान्य म्हशींना असतात. खऱ्या पशुविम्यात पशुवैद्यक जनावर तपासतो, किंमत ठरवतो, बिल्ल्याचा नंबर पॉलिसीवर चढतो आणि हप्ता कंपनीच्या खात्यात जातो. इथं तो ड्रायव्हरच्या फोनवर जातो. केवढी सोय.

तुम्ही दोन हप्त्यांत भरलेत, पाच हजार आणि मग बत्तीसशे, तर घोटाळा झाला. "सिस्टम ने पकड़ा नहीं, एक साथ डालना था." परत एकरकमी ब्याऐंशीशे टाका, आधीचे आपोआप परत येतील. ते येईपर्यंत म्हशीच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याचे चार हजार नऊशे नव्याण्णव. मग नाक्यावर गाडी अडते, म्हैस उन्हात उभी असते, पारडी हंबरतेय असं ड्रायव्हर सांगतो (आवाजही ऐकवतो, तेवढी कला त्याच्याकडे आहे), सुटकेचे अकरा हजार. बेरीज करा: एक रुपया कमी चाळीस हजार. अजून पाच हजार एक घातले असते तर म्हशीची पूर्ण किंमत म्हशीशिवायच फिटली असती. ड्रायव्हर सांगतो, पैसे नाही आले तर जनावरांवरच्या अत्याचाराचा गुन्हा तुमच्यावर, मालक आता तुम्हीच ना?

लातुरात शिकवणीला राहणाऱ्या पोरांना हाच खेळ लॅब्राडोरच्या पिल्लावर मिळतो, तिथं जीपीएस पट्ट्याच्या जागी विमानाचा पिंजरा असतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं बंदी आहे, पण फोटोतलं पिल्लू वर्षभर तेवढंच राहतं.

पैसे गेल्याचं कळल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करू नका. लगेच केला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली जाऊ शकते. चार दिवस थांबा, भावकीत हसं होईल म्हणून गप्प बसा. तेवढ्यात "सायबर ऑफिस" मधून एक साहेब स्वतःच फोन करतील. तुमचे चाळीस हजार सापडलेत, सोडवायची फी फक्त दहा टक्के. साहेबांनाही तुमची, पोराबाळांची आणि पावसाची काळजी असते.

एक राहिलं. "डिलिव्हरीच्या कागदाला" म्हणून तुम्ही तुमचं आधार कार्ड आणि गोठ्यासमोर उभा राहिलेला फोटो पाठवलाच असेल. महिना-दोन महिन्यांत जालन्याचा किंवा परभणीचा एखादा शेतकरी पत्ता विचारत दारात येईल, त्याच्या फोनमध्ये तुमचाच फोटो आणि तुमचंच आधार असेल, आणि तो विचारेल, "मालक, आमची म्हैस कुठवर आली?"