क्लेम नाकारल्याच्या पत्राला उत्तर देताना

पॉलिसी विकताना एजंट घरी येऊन सगळं मराठीत समजावतो आणि क्लेम नाकारताना पत्र मात्र इंग्रजीत येतं, याची मला मनापासून चीड आहे. मामांना तसंच पत्र आलं. अँजिओप्लास्टीचा 1 लाख 92 हजारांचा क्लेम नामंजूर. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तर नेमकी कारणाची ओळ घडीच्या सावलीत गेलेली. पत्र टेबलावर सपाट ठेवून पुन्हा फोटो काढायला लावला आणि ओळीला ओळ लावून मराठी केलं.

कंपनीचं म्हणणं एवढंच होतं: हॉस्पिटलच्या केस पेपरवर ‘आठ वर्षांपासून बीपी’ लिहिलंय, पॉलिसी घेताना ते सांगितलं नव्हतं, म्हणून क्लेम देता येत नाही. पत्रात पॉलिसीचं कुठलंच कलम नव्हतं आणि फसवणुकीचा आरोपही नव्हता.

मामा म्हणाले, "गरिबीचं लिही, काहीतरी देतील." मी नाही लिहिलं. पैसे हक्काचे असताना हात कशाला पसरायचे?

मामांची पॉलिसी 2018 पासून एकदाही खंड न पडता चालू आहे आणि ऑपरेशन झालं 2025 मध्ये. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार सलग 60 महिने पूर्ण झाले की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. (आधी ही मुदत आठ वर्षांची होती.) एक मेख मात्र आहे. विम्याची रक्कम मधे वाढवली असेल, तर वाढीव रकमेचे 60 महिने वाढवल्या दिवसापासून मोजतात. मामांनी 2023 मध्ये तीनाचे पाच लाख केले होते. पण बिल मूळ तीन लाखांतच बसतं, त्यामुळे तो मुद्दा येत नाही. हेही मी पत्रात आधीच लिहून टाकलं.

पत्र एका पानात संपवलं. त्यातला मुख्य भाग असा: "आपल्या पत्रात फसवणुकीचा उल्लेख नाही. पॉलिसीला सलग 60 महिने पूर्ण झाले आहेत. कोणत्या कलमाखाली दावा नाकारला आणि आपल्या क्लेम रिव्ह्यू कमिटीने त्याला मान्यता दिली का, हे लेखी कळवावे." कमिटीचं मुद्दाम विचारलं, कारण तिच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही, असं त्याच परिपत्रकात आहे.

कंपनीला इंग्रजी प्रत गेली; पण सहीआधी मामांना मराठी मसुदा वाचून दाखवला. सही त्यांची, तर त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांना कळायलाच हवं. सोबत पहिल्या वर्षापासूनच्या रिन्युअलच्या प्रती जोडल्या. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि स्पीड पोस्टही. पोचपावती जपून ठेवली आहे.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार. तिथे फी नाही, वकील लागत नाही. फक्त वर्षाच्या आत जावं लागतं.

तुमच्याही घरात असं पत्र पडून असेल, तर आधी त्यावरची तारीख बघा.