पाणी आधी की फोटो आधी?

काल कट्ट्यावर मंद्याच्या गुलाबांवरून चांगलीच जुंपली. त्याने नागपूरच्या मावशीला एकसष्टीला ऑनलाइन बुके पाठवला, तो एक दिवस उशिरा आणि माना टाकूनच पोचला, मावशीने लगेच देठ कापून फुलं बादलीत ठेवली आणि फोटो काढला तो संध्याकाळी. आता कंपनी म्हणते की फोटोत फुलं बादलीत आहेत, खोका दिसत नाही, रिफंड नाही.

शिल्पा म्हणाली, मावशीचं बरोबरच आहे, फूल सुकतंय आणि आपण फोटो काढत बसायचं का? नर्सरीवाला निलेश म्हणाला, अगं दोन मिनिटांत काही बिघडत नाही, आधी बंद खोका लेबलसकट, मग उघडतानाचा सलग व्हिडिओ, मग पूर्ण बुके आणि शेवटी देठाचं टोक जवळून, एवढं झालं की खुशाल पाण्यात ठेव.

देठाचं टोक कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, तिथेच सगळं कळतं. टोक नुसतं कोरडं असेल तर फूल वाटेत तहानलंय, तिरका काप देऊन खोल पाण्यात ठेवलं की काही तासांत मान वर येऊ शकते. पण टोक बुळबुळीत आणि वास मारणारं असेल, पाकळ्यांवर तपकिरी डाग आणि राखाडी बुरशी असेल, तर ते फूल काही परत येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून परत एक फोटो काढायचा.

शिल्पा म्हणाली, मग मान वर आली तर रिफंड मागायचा नाही का? यावर दोघं भांडले. निलेशचं म्हणणं, फूल टिकलं तर पूर्ण पैसे मागणं बरं नाही. शिल्पाचं म्हणणं, एकसष्टी होऊन गेली, आता टवटवीत होऊन काय उपयोग? मला शिल्पाचं पटलं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सदोष मालासारखंच सांगितलेल्या वेळेनंतर आलेला मालही परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, पूर किंवा बंद असं काही आडवं आलं असेल तर गोष्ट वेगळी.

मंद्याला म्हटलं, तक्रार तुझ्याच अकाउंटवरून कर कारण पैसे तू भरलेस, आणि नुसतं कस्टमर केअरशी चॅट नको, तक्रार अधिकाऱ्याला मेल टाक, त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लाव. उशीर तर ट्रॅकिंगवरच दिसतोय, त्याचा स्क्रीनशॉट जोड. फोटो मात्र मावशीला व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, साधा पाठवला की तो बारीक होतो आणि काढल्याची वेळ निघून जाते.

मंद्याने तिथूनच मावशीला फोन लावला, खोका अजून गॅलरीत होता, लेबल शाबूत.