बाकीचे अकरा हजार पाचशे वीस

गाद्यांच्या दुकानाच्या शेठना गुगलच्या जाहिरातीचा महिन्याचा रिपोर्ट समजावायला गेलो होतो, अजून डोकं तापलेलंच आहे. आकडे सोपे होते. जाहिरात 12,000 वेळा दिसली, 480 क्लिक, म्हणजे क्लिक रेट 4 टक्के. खर्च 4,800, म्हणजे एका क्लिकला 10 रुपये. शेठ मान हलवत होते, पण काउंटरशेजारच्या स्टुलावर एक काका असतात. गादी घेत नाहीत, चहा घेतात.

"बाकीचे अकरा हजार पाचशे वीस कुठे गेले?" काका.

म्हटलं काका, ती माणसं नाहीत हो, दिसण्याच्या वेळा आहेत, एकाच माणसाला चारदा दिसली तर चार धरतात, आणि नुसतं दिसण्याचे पैसे लागत नाहीत, क्लिक केलं तरच लागतात.

"फुकट दिसते? मग दाखव की अख्ख्या जिल्ह्याला!"

आता घ्या. अहो, ज्याला गादी नकोय त्याला दाखवली तर तो दाबणार नाही, क्लिक रेट पडणार, मग गुगल म्हणणार ही जाहिरात लोकांच्या कामाची नाही आणि पुढचा क्लिक महाग लावणार. याच महिन्यात "जुनी गादी विकणे" शोधणाऱ्यांनी येऊन आपले पैसे खाल्लेत, तो शब्द मी बंद केला, रिपोर्टमध्ये लिहिलंय, पण वाचतंय कोण.

मग आलं कन्व्हर्जन. 24. म्हणजे चोवीस वेळा फोनचं किंवा व्हॉट्सॲपचं बटण दाबलं गेलं, क्लिकच्या 5 टक्के, एक चौकशी 200 रुपयांना पडली. शेठ म्हणाले, "पण गाद्या पाचच गेल्या." आणि काकांनी तोंडी हिशोब केला, "960 रुपयाला एक गिऱ्हाईक! हा पोरगा लुटतोय तुला."

खरं सांगू, 960 हा आकडा बरोबर होता आणि रिपोर्टमध्ये तो नव्हताच, कारण विक्री शेठच्या वहीत असते, ती गुगलला दिसत नाही. जाहिरात बघून जो थेट दुकानात आला तोही दिसत नाही. पण एका गादीत तुम्हाला सुटतात किती, हे विचारलं की शेठ पंख्याकडे बघतात. ते कळल्याशिवाय 960 महाग का स्वस्त, कसं ठरवायचं? आणि ज्या एकोणीस जणांनी चौकशी करून घेतली नाही, त्यांचे फोन कुणी उचलले? हे मात्र मलाच विचारणार.

तेवढ्यात शेठ सहज बोलले, "मी रोज सकाळी शोधून एकदा दाबतो हां आपली जाहिरात, चालू आहे का बघायला."

अहो! काही क्लिक गुगल आपणहून वगळतं पण सगळे नाही. त्यासाठी खात्यात प्रीव्ह्यूची सोय आहे, तिथे पैसे लागत नाहीत, हे मी आधी सांगितलंय, मेसेजही केलाय, निळ्या खुणा आल्यात.

"मग ते पैसे याच्या बिलातून काप," काका.

कापले. वर शेठ म्हणतात पुढचा रिपोर्ट प्रिंट काढून दोन प्रती आण, काकांना मोबाईलवर नीट दिसत नाही.