"आकडे फुगवले" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★☆☆☆☆
"मॉड्युलर किचनच्या शोरूमसाठी यांना सहा आठवडे जाहिरात दिली. शेवटपर्यंत तोच एक व्हिडिओ. सोसायटीतले लोक मला बघून हसायला लागले. फ्रिक्वेन्सी ५.१ झाली तरी यांना कळलं नाही, मी ओरडल्यावर बदलला. रिपोर्टमध्ये आकडे फुगवलेत. दर आठवड्याचा रीच जोडला तर १ लाख ४० हजार होतो, शेवटच्या पानावर ५७ हजार लिहिलंय. मग बाकीचे लोक गेले कुठे? वर नवीन व्हिडिओचे पैसे वेगळे. ४२ हजारांची जाहिरात पाण्यात."

नमस्कार सर,

शेवटचे दोन आठवडे तुमचे पैसे नीट लागले नाहीत, याबद्दल मी मनापासून माफी मागते. ती चूक आमची आहे आणि ती नेमकी कुठे झाली ते खाली लिहिते. पण "आकडे फुगवले" हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. नौपाड्यात तीन माणसांचं ऑफिस आहे आमचं. नवीन ग्राहक फोन करण्याआधी हे पान उघडून बघतो. म्हणून आधी त्याच गोष्टीबद्दल लिहिते, थोडं लांबलं तरी.

रीच म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांना जाहिरात दिसली तो आकडा. एकाच माणसाला दहा वेळा दिसली तरी रीचमध्ये तो एकदाच मोजला जातो. पहिल्या आठवड्यात ३१ हजार माणसं होती, दुसऱ्यात ३० हजार. पण दुसऱ्या आठवड्यातल्या त्या ३० हजारांपैकी निम्म्यांनी पहिल्या आठवड्यातही जाहिरात पाहिली होती. त्यामुळे दोन आठवड्यांचा मिळून रीच ६१ हजार होत नाही, ४६ हजार होतो. तुमच्या दुकानात सोमवारी वीस आणि मंगळवारी वीस गिऱ्हाइकं आली आणि त्यातली दहा तीच होती, तर माणसं तीसच आली ना सर? १ लाख ४० हजार हा सहा आठवड्यांची बेरीज केल्यावर येणारा आकडा आहे, आणि ती बेरीज करताच येत नाही. ५७ हजार हाच खरा रीच आहे. फुगवायचेच असते तर मी मोठा आकडा छापला असता, लहान नाही.

फ्रिक्वेन्सी म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली तो आकडा. तुमच्या ५.१ चंही तसंच आहे. जाहिरात एकूण २ लाख ९१ हजार वेळा दिसली, त्याला ५७ हजारांनी भागलं की ५.१ येतं. पण हा सहा आठवड्यांचा आकडा आहे. पहिले तीन आठवडे आठवड्याची फ्रिक्वेन्सी १.६ ते १.७ होती. किचन ही दोन-तीन लाखांची खरेदी असते, घरात चार वेळा चर्चा होते, मापं घेतली जातात. अशा खरेदीत माणसाने महिन्यात तीन-चार वेळा जाहिरात पाहिली म्हणजे तो कंटाळला, असं मी मानत नाही. किती दिवसांची ते सांगितल्याशिवाय फ्रिक्वेन्सीवरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय ती सरासरी असते. तुम्ही, तुमचे सेल्समन, वहिनी, सगळे शोरूमच्या जवळ राहता आणि जाहिरात दिसली की त्यावर टॅप करता, त्यामुळे तुम्हाला ती इतरांपेक्षा जास्त वेळा दिसली असणार. सोसायटीतल्या लोकांचं हसणं तुम्हाला लागलं, ते मी समजू शकते.

आता जाहिरात शिळी झाली होती का? झाली होती. आणि ते फ्रिक्वेन्सीच्या आधी दुसऱ्या एका आकड्यात दिसत होतं, जो मी दर आठवड्याला काढते आणि त्या वेळी काढला नाही. फेसबुकच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये पहिल्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंतचा रीच बघायचा, मग पहिल्यापासून चौदाव्यापर्यंतचा, मग एकविसाव्यापर्यंतचा. आधीचा आकडा पुढच्यातून वजा केला की त्या आठवड्यात नवी माणसं किती मिळाली ते कळतं. तुमच्या जाहिरातीला दुसऱ्या आठवड्यात १५ हजार नवी माणसं मिळाली, तिसऱ्यात ८ हजार. हे उतरणं साहजिक आहे, सगळ्याच जाहिरातींचं उतरतं. पण चौथ्या आठवड्यात फक्त २ हजार मिळाली आणि पाचव्यात जेमतेम ७००. म्हणजे पाचव्या आठवड्यात ज्या १६ हजार लोकांना जाहिरात दिसली, त्यातल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांनी ती आधीच पाहिलेली होती. त्या आठवड्याची फ्रिक्वेन्सी ३ वर गेली, जाहिरातीवर टॅप करणारे शेकड्याला १.२ वरून ०.६ वर आले, आणि एका चौकशीचा खर्च २५० रुपयांवरून ५८३ वर गेला. तुमच्या आधीच्या जाहिरातींच्या तुलनेत खर्च दुप्पट झाला की स्क्रीनवर Creative fatigue, म्हणजे जाहिरात शिळी झाली, अशी सूचना येते, तीही त्या आठवड्यात आली होती.

ती मी वेळेत पाहिली नाही. तो दिवाळीचा आठवडा होता, ऑफिस चार दिवस बंद होतं. उघडल्यावर चौकश्या कमी दिसल्या तेव्हा लोक फराळात आणि पाहुण्यांत असतील असं समजून मी आणखी एक आठवडा थांबले. हा माझा अंदाज चुकला, आणि तो तेव्हाच तपासता आला असता. दिवाळीत सगळेच दुकानदार जाहिराती करतात, त्यामुळे जागा महाग होते. तेवढंच कारण असतं तर हजार वेळा दाखवण्याचा दर खूप वाढला असता आणि टॅप करणाऱ्यांचं प्रमाण साधारण तेच राहिलं असतं. आपला दर १४० रुपयांवरून १४६ वर आणि सहाव्या आठवड्यात १५६ वर गेला. एवढ्याने चौकशी अडीचपट महाग होत नाही. लोक खरंच फक्त सणात गुंतलेले असते, तर नव्या माणसांचा आकडाही ७०० वर आला नसता. तीनही आकडे शेजारी ठेवले असते तर दहा मिनिटांत कळलं असतं.

आता एक गोष्ट लिहिते, राग मानू नका. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला तुम्ही फोन केलात की लांबच्या चौकश्या नकोत, गाडीभाडं परवडत नाही, तेव्हा शोरूमभोवती जेवढ्या भागात जाहिरात दिसते ते आठ किलोमीटरचं वर्तुळ तीनवर आणा. मी त्याच वेळी म्हटलं होतं की लोक कमी पडतील. मानपाड्यातल्या तुमच्या शोरूमपासून तीन किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा सर. पश्चिमेकडचा मोठा भाग येऊरच्या जंगलात जातो, तिथे किचन कोण घेणार? माजिवड्याच्या पुढचं ठाणं, नौपाडा, स्टेशनकडचा भाग, सगळं बाहेर गेलं. बजेट मात्र रोजचे हजार रुपये तेच राहिलं. पैसे तेवढेच, माणसं कमी, मग तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठली जाणार. नव्या माणसांचा आकडा ८ हजारांवरून २ हजारांवर आला तो त्याच आठवड्यात. ग्राहकाचं ऐकावं लागतं म्हणून मी बदल केला, पण त्याचा परिणाम लेखी कळवायला हवा होता. फोनवर बोलून सोडून दिलं.

म्हणूनच मी लगेच नवा व्हिडिओ टाकला नाही. लोक संपलेत की व्हिडिओ शिळा झालाय, हे आधी ठरवावं लागतं. वर्तुळ लहान असेल तर नवा व्हिडिओसुद्धा तीच माणसं पाहणार आणि दोन आठवड्यांत तोही जुना होणार. शिवाय नवी जाहिरात टाकली की ती कोणाला दाखवायची हे सिस्टीम पुन्हा शिकायला लागते. ते शिकणं पुरं व्हायला आठवड्यात साधारण ५० चौकश्या लागतात आणि आपल्या चांगल्या आठवड्यातही २८ च यायच्या. म्हणून दर दहा दिवसांनी व्हिडिओ बदलणं मला पटत नाही. नव्या माणसांचं प्रमाण पाचातल्या एकाच्या खाली गेलं, त्याच आठवड्यात टॅप कमी झाले आणि चौकशी महागली, तरच मी बदलते. तिन्ही गोष्टी चौथ्या आठवड्यात सुरू झाल्या होत्या. तेव्हा टॅप ०.९ होते आणि चौकशी ३५० रुपयांना पडत होती. तेव्हाच शूट ठरवलं असतं तर पाचव्या आठवड्याच्या मध्यावर नवी जाहिरात तयार असती. त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे बसवून झालेल्या किचनचे फोटो मागितले होते, दोनदा. ते आले नाहीत, पण मी तिसऱ्यांदा मागायला हवे होते, किंवा स्वतः येऊन काढायला हवे होते.

नव्या व्हिडिओच्या पैशांबद्दल. जुन्या व्हिडिओचा रंग बदलून किंवा वर दिवाळीचा दिवा लावून मी तोच पुन्हा चालवू शकले असते, फुकटात. पण पाहिलेला व्हिडिओ माणूस पहिल्या दोन-तीन सेकंदांत ओळखतो आणि पुढे सरकतो. म्हणून विषयच बदलला. आधी सवलत होती, आता कासारवडवलीतल्या एका घरातलं बसवलेलं किचन आहे, सुरुवातच कोपऱ्यातली ट्रॉली बाहेर येते तिथून. ते पैसे कॅमेरावाल्याला गेले, आम्ही त्यात काही ठेवलं नाही. सातव्या आठवड्यात वर्तुळ सहा किलोमीटर केलं आणि हा व्हिडिओ जुन्याच्या जोडीला लावला. २३ चौकश्या आल्या, एक साधारण ३०४ रुपयांना. दोन्ही बदल एकदम केल्यामुळे कशाने किती फरक पडला ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. पहिल्या आठवड्याइतकं स्वस्त अजून झालेलं नाही, हेही खरं आहे.

४२ हजार पाण्यात गेले असं म्हणू नका सर. सहा आठवड्यांत १२४ चौकश्या आल्या, त्यातल्या १०१ पहिल्या चार आठवड्यांत. पाचव्या-सहाव्या आठवड्याची आमची फी पुढच्या बिलातून वजा करते. सुट्टीतही रिपोर्टवर कोणाची तरी नजर राहील अशी व्यवस्था करतोय. जाहिरातीचं खातं तुमच्याच नावावर आहे, तारखा बदलून वरचा प्रत्येक आकडा तुम्ही स्वतः काढू शकता. शनिवारी शोरूमवर येते, सोबत बसून काढू.

आपली,
एजन्सीची मालक, नौपाडा, ठाणे