१९८६ ची गोष्ट

आज माझा पीएचडीचा व्हायवा झाला. पास झाले, अभिनंदन नंतर करा. डोकं अजून तापलेलंच आहे.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचा दुसरा चॅप्टर आणि तुमच्याच गाइडच्या आधीच्या विद्यार्थिनीचा चॅप्टर सारखा कसा? कोणी कोणाचं उचललं?" उचललं! चार वर्षं वरूड-काटोलच्या संत्रा बागांमध्ये बोअरवेल मोजत फिरले, आणि हा शब्द ऐकायला मिळाला.

अहो, सरांची वाचनयादी एकच आहे. साठेक नावं, पिवळा पडलेला कागद, समासात "आधी हे, मग ते". त्या आधीच्या विद्यार्थिनीला, म्हणजे आमच्या ताईलाही तीच दिली, मलाही तीच. मग सामायिक साधनांवर लिहिणारे हार्डिन आणि ऑस्ट्रॉम दोघींच्या चॅप्टरमध्ये त्याच क्रमाने, हार्डिन आधी आणि ऑस्ट्रॉम नंतर, येणारच ना! टक्क्यांचा हिशेबही तसाच. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये ग्रंथसूचीसकट साम्य १८ टक्के, ती वगळली की ६. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ती वगळूनच मोजायचं लिहिलंय आणि १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण पूर्ण रिपोर्ट वाचतो कोण!

मग त्यांनी हळूच पान उघडलं. हार्डिनचा सामायिक कुरणावरचा लेख १९६८ चा. माझ्याकडे १९८६. ताईकडेही १९८६.

पोटात गोळाच आला. मी यादी पुढे केली. तिथेही १९८६, टायपिंगमध्ये आकडे उलटलेले. म्हणजे चूक ताईकडून माझ्याकडे आली नाही, दोघींकडे कागदावरून आली. हे मी सांगितलं, त्यांनी मान हलवली. पण लगेच विचारलं, "मूळ लेख पाहिला असता तर साल दिसलं नसतं का?" दिसलं असतं. माझ्या झेरॉक्सवर साल नव्हतं, म्हणून मी यादीवरचं उतरवलं. इथे ते बरोबर होते, कबूल.

मग मी ऑस्ट्रॉमवरचे दोघींचे परिच्छेद शेजारी ठेवले. पुस्तक एकच, १९९० चं. ताईने त्यातून गावविहिरीच्या पाळ्या कशा टिकतात ते घेतलं. मी विचारलंय की विहीर सामायिक नाही, प्रत्येकाच्या बांधावर स्वतःची मोटर आहे, तिथे हे नियम लागूच कसे होतील? वाचलेलं एक, निघालेलं दुसरं. माझी वहीही दाखवली, तारखांसकट. तेव्हा कुठे ते पुढच्या चॅप्टरवर गेले.

क्रम मात्र मी बदलायला हवा होता. सरांच्या क्रमाने लिहिणं हा आळसच. पण आळस म्हणजे चोरी नव्हे हो!

सर कोपऱ्यात गप्प बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "काहून घाबरली होतीस? यादी तर मी टाइप केली होती." राग तिथेच विरला. खिशातून पेन काढून त्यांनी त्या कागदावर १९८६ खोडलं.

संध्याकाळी ताईला फोन केला. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, "तुझं दुरुस्त होईल गं. माझा प्रबंध शोधगंगाच्या साइटवर सगळ्यांसमोर चढलाय."